उरलेलं कर्ज: मागून मोजायचं की पुढून?

हिशेबनीस: कर्जदाराला आपलं किती कर्ज उरलं आहे हे विचारलं, तर तो दोनपैकी एक चुकीचं उत्तर देतो. एक ठरलेलं उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं सगळं बोलणं त्याच खात्यावर राहील. दुकानासाठी 10 लाखांचं कर्ज, वर्षाला 12 टक्के म्हणजे महिन्याला 1 टक्का, मुदत 10 वर्षं, 120 हप्ते. हप्ता बसतो 14,347 रुपये. तीन वर्षांत 36 हप्ते भरून झाले. पहिला कर्जदार म्हणतो, मी 5,16,492 रुपये भरले, म्हणजे 4,83,508 उरले. दुसरा म्हणतो, अजून 84 हप्ते आहेत, म्हणजे माझ्या डोक्यावर 12,05,148 रुपये आहेत. दोघांच्याही वजाबाकीत आणि गुणाकारात चूक नाही, तरी दोघंही चुकले. खरा आकडा 8,12,745 आहे आणि तो खातेवहीतूनच निघतो. पहिल्या महिन्याचं व्याज 10,000 रुपये, हप्त्यातले 4,347 मुद्दलात गेले, शिल्लक 9,95,653. दुसऱ्या महिन्याचं व्याज या शिलकेवर, 9,956.53, मुद्दलात 4,390.47, शिल्लक 9,91,262.53. असं छत्तीस वेळा करायचं. यालाच पूर्वलक्षी पद्धत म्हणतात. माझं म्हणणं असं की कर्जाचा हिशेब हाच. तुमची भविष्यलक्षी पद्धत, म्हणजे पुढच्या हप्त्यांवरून आजची शिल्लक काढणं, ही परीक्षेत मार्क मिळवायला ठीक आहे. खात्यावर काय घडलं हे तिला कळत नाही.

गणिती: तुम्ही सांगितलेल्या दोन चुकाच आधी नीट पाहा. त्यांच्यात दोन्ही पद्धती अर्ध्या अर्ध्या दडल्या आहेत. पहिला कर्जदार मागे वळून पाहतो, पण मधल्या काळात मुद्दल व्याज धरत होतं हे विसरतो. दुसरा पुढे पाहतो, पण सात वर्षांनी द्यायचा रुपया आज द्यायच्या रुपयाइतका जड नसतो हे विसरतो. पहिल्याच्या वजाबाकीत व्याज घाला, पूर्वलक्षी पद्धत तयार. दुसऱ्याच्या बेरजेतलं व्याज काढा, भविष्यलक्षी पद्धत तयार. आता सूत्रात:

```
मागून: 1000000 × 1.01^36 − 14347 × (1.01^36 − 1) / 0.01 = 812745
पुढून: 14347 × (1 − 1.01^−84) / 0.01 = 812735
```

पहिली ओळ तुमच्या छत्तीस पायऱ्या एका दमात चढते: 10 लाख तीन वर्षांत 14,30,769 झाले असते, आणि भरलेले हप्ते त्यांच्या त्यांच्या व्याजासह 6,18,024 झाले, त्यांची वजाबाकी. दुसरी ओळ म्हणते, पुढचा प्रत्येक हप्ता आजच्या तारखेला आणा, म्हणजे महिन्याला 1 टक्का या दरानं त्याला सोलून काढा, आणि सगळ्यांची बेरीज करा. दोन्ही उत्तरं जुळतात त्याचं कारण साधं आहे. कर्ज दिलं त्या दिवशी 10 लाख म्हणजे 120 हप्त्यांचं त्या दिवशीचं मोल, हाच करार होता. त्या 120 हप्त्यांचे दोन ढीग करा, 36 चा आणि 84 चा. दोन्ही बाजू छत्तिसाव्या महिन्यापर्यंत व्याजानं पुढे सरकवा. 10 लाखांतून पहिला ढीग वजा केला की जे उरतं, तो दुसरा ढीग. एकाच समीकरणाच्या या दोन मांडण्या आहेत, आणि तुम्ही त्यातल्या एकीला खरी आणि दुसरीला परीक्षेपुरती म्हणता.

हिशेबनीस: पण तुमच्याच दोन ओळींत दहा रुपयांचा फरक आहे. एकाच समीकरणाच्या दोन मांडण्या असतील, तर हे दहा रुपये आले कुठून?

गणिती: बरं झालं विचारलंत. अचूक हप्ता 14,347.09 रुपये निघतो. आपण तो 14,347 धरला. नऊ पैसे सोडले. तीन वर्षं दर महिन्याला नऊ पैसे कमी भरले म्हणून मागून मोजलेली शिल्लक चार रुपयांनी जास्त आली, आणि पुढचे हप्ते नऊ पैशांनी कमी धरले म्हणून पुढून मोजलेली शिल्लक पाच रुपयांनी कमी आली. एकूण साडेनऊ रुपये. ते हवेत विरून जात नाहीत. शेवटचा, 120 वा हप्ता 14,347 चा नसून सुमारे 14,369 चा असतो. 84 महिन्यांनंतरचे ते जादा बावीस रुपये आजच्या तारखेला आणले की बरोबर साडेनऊ होतात. म्हणजे पुढून मोजताना शेवटचा वाकडा हप्ता वेगळा धरायचा, एवढंच. परतफेडीच्या तक्त्यात शेवटची ओळ इतर ओळींपेक्षा वेगळी दिसते ती यामुळे. आणि या फरकाचा मला उलट उपयोगच वाटतो. दोन पद्धतींत फरक आला की त्याला कारण असतं, आणि ते कारण शोधता येतं.

हिशेबनीस: साडेनऊ रुपयांचं कारण शोधणं सोपं आहे. खरं खातं घ्या. विसावा हप्ता चुकला, समजा. कर्जदारानं एकविसावा, बाविसावा, सगळे वेळेवर भरले, पण विसावा कधीच भरला नाही. दंडाची बाब बाजूला ठेवू. खातेवहीत तो न भरलेला हप्ता पुढचे सोळा महिने 1 टक्क्यानं वाढत राहिला आणि 16,823 झाला. मार्गावर असलेल्या खात्याची शिल्लक 8,12,745 होती, या खात्याची 8,29,568 झाली. तुमच्या पद्धतीला यातलं काय कळलं? ती पुढचे 84 हप्ते मोजते आणि पूर्वीचाच आकडा सांगते. तिला मागचं दिसत नाही, कारण ती मागं पाहतच नाही. उद्या कर्जदार मुदतीआधी कर्ज फेडायला गेला आणि तुमचा आकडा घेऊन उभा राहिला, तर काउंटरवरचा माणूस खातेउतारा पुढे करील. न्यायालयही तेच करील. बँकेच्या खातेवहीच्या प्रमाणित प्रतीला पुरावा मानण्याचा कायदा 1891 पासून आपल्याकडे आहे. असं वजन कुठल्याच सूत्राला मिळालेलं नाही.

गणिती: खातेवहीला वजन आहे, आणि असायलाच हवं. पण खातेवही चुकूही शकते, आणि ती चुकली आहे हे कर्जदारानं ओळखायचं कसं? पूर्वलक्षी पद्धतीनं ताळा घ्यायचा तर त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद हवी: कोणत्या तारखेला किती जमा, कोणत्या तारखेपासून कोणता दर. बहुतेकांकडे ती नसते; असते ती बँकेनंच दिलेली, म्हणजे जिचा ताळा घ्यायचा तीच. भविष्यलक्षी पद्धतीला तीन आकडे पुरतात: हप्ता, उरलेले महिने, दर. कागदाच्या मागच्या बाजूला होईल एवढं गणित. तुमच्याच उदाहरणात बँक म्हणते 8,29,568, आणि पुढून मोजलेली शिल्लक 8,12,735. फरक 16,833, त्यातले दहा रुपये पैशांच्या पूर्णांकाचे, ते काढले की 16,823. आता याला हप्त्यानं भागा: 16,823 भागिले 14,347 म्हणजे 1.1726. आणि 1.01 चा सोळावा घात 1.1726 आहे. म्हणजे सोळा महिन्यांपूर्वीचा एक अख्खा हप्ता खात्यात जमा झालेला नाही. कर्जदारानं त्या महिन्याचं आपल्या बचत खात्याचं पासबुक काढावं. पैसे गेले असतील, तर नोंद हरवली आहे. गेले नसतील, तर चूक त्याची आहे. तुम्ही म्हणता माझी पद्धत मागचं पाहत नाही. पाहत नाही म्हणूनच ती साक्षीदार म्हणून उपयोगी पडते. मागच्या नोंदींनी तिचं मत आधीच बनवलेलं नसतं.

हिशेबनीस: हे मात्र मला मान्य करायला हवं. फरकावरून महिना काढता येतो हे मी धरलं नव्हतं. पण तुमचा साक्षीदार एका अटीवर उभा आहे: करार मूळचाच चालू असला पाहिजे. करार मध्येच बदलला तर? आपलं कर्ज फेब्रुवारी 2017 च्या अखेरीला सुरू झालं असं धरा. छत्तिसावा हप्ता फेब्रुवारी 2020 च्या अखेरीला. पुढं काय झालं ते सगळ्यांना आठवतं. 27 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, आधी तीन महिने, मग ती ऑगस्ट अखेरपर्यंत वाढवली. आपल्या कर्जदारानं सहाही महिने हप्ते थांबवले. हप्ते थांबले तरी व्याज चालूच होतं. 8,12,745 चे सहा महिन्यांत चक्रवाढीनं 8,62,745 झाले. जवळजवळ बरोबर 50,000 रुपयांची भर. आता ऑगस्ट 2020 च्या अखेरीला तुमच्या पद्धतीनं मोजा. अजून किती हप्ते उरले? भरलेले 36, उरलेले 84. उत्तर पुन्हा 8,12,735. पन्नास हजारांनी चुकीचं. आणि या वेळी कुठलाच हप्ता हरवलेला नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं आहे. अनेक कर्जदारांचा गोंधळ याच जागी झाला. त्यांना वाटलं, सहा हप्ते पुढे गेले, म्हणजे शेवट सहा महिने पुढे जाईल.

गणिती: तो गोंधळ भविष्यलक्षी पद्धतीचा नव्हता, उरलेल्या हप्त्यांची संख्या 84 च राहिली असं मानण्याचा होता. 84 हा आकडा ज्या करारातला होता, तो करार बदलला. हप्ता तोच ठेवायचा असेल तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: 14,347 चे किती हप्ते आजच्या तारखेला आणले, तर उरलेली शिल्लक निघेल? उत्तर साडेब्याण्णवच्या किंचित खाली येतं. म्हणजे 92 पूर्ण हप्ते आणि एक लहान. सहा महिने थांबल्याची किंमत आठ जादा हप्ते आणि वर तो लहान हप्ता, आणि कर्जाचा शेवट एकूण पंधरा महिने पुढे. हे उत्तर कोणत्या पद्धतीनं मिळालं? खातेवही 8,62,745 सांगून थांबली. पुढं काय करायचं हे तिला विचारून उपयोग नाही. व्याजदर बदलला तरी तसंच. समजा त्याच छत्तिसाव्या महिन्यानंतर स्थगिती नसून दर 12 वरून 13.5 टक्क्यांवर गेला असता. कोणी घाईनं 84 हप्ते नव्या दरानं सोलले तर त्याला सुमारे 7 लाख 77 हजार मिळतील, आणि दर वाढल्यावर कर्ज कमी झालं असं विचित्र चित्र दिसेल. ते कर्ज नव्हे. जुन्या हप्त्यांचं नव्या दरानं झालेलं मोल आहे. कर्ज 8,12,745 च आहे, म्हणून एकतर हप्ता वाढून 15,007 व्हायला हवा, नाहीतर 84 चे 91 हप्ते व्हायला हवेत. यातलं काय करायचं ही निवड कर्जदाराला द्यावी, असं ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, कारण मुदत न विचारता लांबत होती. ही निवड समजून घेण्यासाठी पुढूनच मोजावं लागतं.

हिशेबनीस: तुम्ही आत्ता काय केलंत ते पाहा, कारण माझा खरा आक्षेप इथे आहे. तुम्ही माझ्या खातेवहीतली शिल्लक घेतली, आणि तिला जुळतील असे हप्ते बसवले. त्यानंतर पुढून मोजलं तर उत्तर जुळणारच. जुळावं म्हणूनच ते हप्ते बसवले आहेत. तुमचा स्वतंत्र साक्षीदार आता माझ्याकडूनच शिकवलेली साक्ष देतो. याचा परिणाम गंभीर आहे. समजा विसावा हप्ता कर्जदारानं भरला होता, पण बँकेत त्याची नोंद चुकली, आणि ती चूक कोणाच्या लक्षात आली नाही. मग दर बदलला, आणि त्या चुकलेल्या शिलकेवरून नवा तक्ता काढला गेला. आता 16,823 रुपयांची चूक नव्या हप्त्यांत मिसळली. नवा हप्ता, नवे महिने, नवा दर घेऊन पुढून मोजा. बँकेच्या शिलकेशी पैशापर्यंत जुळेल. तुमची पद्धत म्हणेल सगळं ठीक आहे. प्रत्येक नव्या तक्त्याबरोबर जुनी चूक धुऊन निघते, म्हणजे नाहीशी होत नाही, दिसेनाशी होते. आणि बदलत्या दराच्या कर्जात तक्ता एकदाच बदलत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तोही टप्प्याटप्प्यानं. ज्यांची कर्जं त्या दराला जोडलेली होती त्यांचे तक्ते किती वेळा बदलले असतील, याचा विचार करा.

गणिती: हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. नव्या तक्त्यावरून पुढून मोजणं हा ताळा नव्हे, बेरीज पुन्हा वाचणं आहे. पण मग चूक पकडायची जागा कुठे उरते? दोन तक्त्यांच्या सांध्यावर. नवा तक्ता सुरू होतो त्या दिवशीची शिल्लक जुन्या तक्त्यावरून पुढून मोजायची. जुन्या तक्त्याला त्या चुकीची खबर नसते. 36 हप्त्यांनंतर नवा तक्ता आला, तर जुन्या तक्त्याचे उरलेले 84 हप्ते जुन्या दरानं मोजा. ते आणि नव्या तक्त्याची पहिली शिल्लक जुळलीच पाहिजेत. जुळली नाहीत तर चूक या सांध्याच्या अलीकडे आहे. सांधा ओलांडला, जुना तक्ता फेकून दिला, की माझी पद्धत खरोखरच आंधळी होते. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जदाराला कर्ज देतानाच एक मुख्य तपशीलपत्र द्यावं लागतं आणि त्यात परतफेडीचा तक्ता असतो. तो पहिला तक्ता म्हणजे पहिला सांधा तपासण्याचं साधन. म्हणून मला आता असं म्हणावं लागतं की भविष्यलक्षी पद्धतीलाही स्मरणशक्ती लागते. फक्त तिला प्रत्येक नोंद आठवावी लागत नाही, प्रत्येक करार आठवावा लागतो.

हिशेबनीस: म्हणजे आपण जवळ आलो. मला नोंदी जपाव्या लागतात, तुम्हाला करार. पण एक जागा अशी आहे की दोन्ही जपूनही भागत नाही, आणि ती आपण मघाशी घाईत ओलांडली. स्थगितीच्या सहा महिन्यांत मी चक्रवाढीनं व्याज धरलं: 8,62,745. व्याजावर व्याज न धरता सरळ व्याज लावलं असतं तर 48,765 रुपये वाढले असते आणि शिल्लक 8,61,510 झाली असती. फरक 1,235 रुपयांचा. आता यातली कोणती शिल्लक खरी? दोन्ही नोंदी मी तितक्याच काटेकोरपणे ठेवू शकतो, आणि दोन्हींवरून तुम्ही नवा तक्ता तितक्याच काटेकोरपणे बसवू शकता. पुढून मोजलेलं मागून मोजलेल्याशी दोन्ही वेळा जुळेल. ताळा पूर्ण, आणि तरी उत्तर दोन.

गणिती: कारण तिथे वाद मोजणीचा नव्हता. न मागितलेल्या महिन्यांचं व्याज हे त्या महिन्यात येणं होतं का, म्हणून मुद्दलात मिसळावं का, हा प्रश्न होता. हप्ता पुढे ढकलला तर त्याच्यातलं व्याजही पुढे गेलं, की फक्त देण्याची तारीख पुढे गेली? पूर्वलक्षी पद्धत म्हणते, मला कोणता नियम लावायचा ते सांगा. भविष्यलक्षी पद्धत म्हणते, मला कोणता करार धरायचा ते सांगा. दोघीही तिथे गप्प. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारनं 2 कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ आणि सरळ व्याजातला तो फरक कर्जदारांच्या खात्यात भरायचं ठरवलं. मग 23 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की स्थगितीच्या काळाचं व्याजावरचं व्याज कोणाकडूनच घेता येणार नाही, कर्जाची रक्कम कितीही असो. जे आधी घेतलं असेल ते परत द्या किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा. आपल्या पद्धती त्यानंतर पुन्हा बोलू लागल्या, आणि दोघींनी 8,61,510 वरून पुढचा हिशेब एकमतानं केला.

हिशेबनीस: तरी मी माझी जागा सोडत नाही. कर्ज फेडायच्या दिवशी काउंटरवर जी रक्कम भरायची ती खातेवहीतलीच. तिथे तुमचा तक्ता चालत नाही.

गणिती: आणि मी माझी सोडत नाही. त्या दिवशी खातेवहीतली रक्कम बरोबर आहे की नाही, हे तिथल्या तिथे विचारायला कर्जदाराकडे माझ्याशिवाय दुसरं साधन नाही. तेव्हा ज्यांची कर्जं चालू आहेत त्यांना एवढंच सांगतो: दर किंवा हप्ता बदलल्याचं पत्र आलं की नव्या तक्त्यावर सही करण्याआधी जुन्या तक्त्याचे उरलेले हप्ते जुन्या दरानं मोजून पाहा, ते नव्या तक्त्याच्या पहिल्या शिलकेशी जुळतात का बघा, आणि जुना तक्ता कर्ज फिटेपर्यंत फाडू नका.